डाव्या हाती माळ, उजव्या हाती चक्र

गोठणगावला दवाखान्यात बदली झाली म्हणतेस, तर जायच्या आधी दोन गोष्टी ऐकून जा, पोरी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं ते गाव म्हणजे आपल्या साखरखेर्ड्याहून विदर्भाचं पार दुसरं टोक. तिथं नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. मी नोकरीनिमित्त त्या भागात होतो तेव्हा तो भंडारा जिल्हा होता, आता गोंदिया. तिथली म्हातारी माणसं ओट्यावर बसून जपाचं चक्र फिरवत राहायची, बोलणंही चालू आणि फिरवणंही चालू. मी त्यांच्याजवळ बसून जे शिकलो ते तुला सांगतो.

पहिलं, ते जपतात तो मंत्र आपल्या वंदनेतला नाही. आपण त्रिशरण, पंचशील म्हणतो ते पालीतलं. ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा संस्कृतातला, महायान परंपरेतला. कारंडव्यूह नावाच्या सूत्रात त्याची थोरवी सांगितली आहे. मंत्र अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा. त्याला तिबेटी लोक चेनरेझिग म्हणतात. तू त्याला पाहिलेलं आहेस. शाळेच्या सहलीत अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला, मान किंचित कलवलेला पद्मपाणि पाहिलास ना, तोच. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तर त्याच्या दोन्ही बाजूंना आग, हत्ती, साप, बुडतं जहाज अशा संकटांत सापडलेली माणसं त्याला हाका मारताना कोरली आहेत. वसाहतीतली एखादी आजी चेनरेझिगचं चित्र दाखवील, चार हातांचं. दोन हात छातीशी जोडून त्यात रत्न धरलेलं, उरलेल्या दोन हातांत स्फटिकाची माळ आणि कमळ. मंत्रातले मणी आणि पद्म दोन्ही त्या चित्रात आहेत.

अर्थ विचारशील तर बहुतेक जण ‘कमळातलं रत्न’ असं सांगून मोकळे होतात. व्याकरण जाणणारे म्हणतात की ही हाक असावी, मणिपद्माला मारलेली. मला दलाई लामांनी सांगितलेली फोड कामाची वाटते. रत्न म्हणजे करुणा, कमळ म्हणजे प्रज्ञा, आणि हूँ म्हणजे ही दोन्ही एकमेकांपासून तोडता न येणं. नुसती कीव येऊन भागत नाही, समजही लागते. सुरुवातीचा ॐ म्हणजे आपलं आत्ताचं मळकं शरीर, वाणी आणि मन, आणि तेच पुढं स्वच्छ होणारं.

वसाहतीतली साधी माणसं मात्र एवढ्या खोलात जात नाहीत. त्यांना एक हिशेब पाठ असतो. सहा अक्षरं, सहा लोक. ओम देवांसाठी, म असुरांसाठी, णि माणसांसाठी, पे जनावरांसाठी, मे भुकेल्या प्रेतांसाठी, हुंग नरकात पिचणाऱ्यांसाठी. एकेक अक्षर म्हणताना त्या त्या लोकातल्या दुःखाकडे मन वळवायचं. देव-असुर मला पटत नाहीत, तुलाही पटायचे नाहीत. पण चौथ्या अक्षराला बाजारात उन्हात बांधलेला बैल डोळ्यांपुढे येतो, एवढं मी माझ्यापुरतं घेतलं.

ते म्हणतात ‘ओम मणि पेमे हुंग’. ‘पद्मे’ करून त्यांना सुधारायला जाऊ नकोस, शेकडो वर्षं ते तसंच म्हणत आलेत. चूक होते ती घाईनं. वेग वाढला की ‘णि’ गिळला जातो आणि पाचच अक्षरं उरतात. मांडीवर बोट आपटत म्हणून बघ, सहा ठोके भरले नाहीत तर वेग कमी कर. आवाज शेजारच्याला पुटपुट ऐकू येईल एवढाच. एका श्वासात जितके सहज बसतील तितके म्हणायचे, श्वास ओढून धरायचा नाही.

आता माळ. आपल्या गावात प्रल्हाद महाराजांमुळे रामनामाची माळ तू पाहिलेली आहेस. उजवा हात, मणी मधल्या बोटावर, तर्जनी लांब. तिबेटी माणूस माळ डाव्या हातात धरतो, तर्जनीवर ठेवतो आणि अंगठ्यानं मणी स्वतःकडे ओढतो. कारण उजव्या हातात चक्र असतं. मणी इथंही १०८, पण एक फेरा शंभरच धरतात, वरचे आठ चुकलेल्या, विसरलेल्या मंत्रांच्या भरपाईला. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत निघायचं. माळेला दोन छोट्या सरी लोंबतात, प्रत्येकीत दहा बारीक मणी. एकीवर शंभर मोजतात, दुसरीवर हजार. एक फेरा झाला की पहिल्या सरीवरचा एक मणी सरकवायचा. दहाही सरकले की ते परत खाली आणायचे आणि दुसऱ्या सरीवरचा एक वर घ्यायचा. कुणी लाखाचा संकल्प केला तर हजार फेरे झाले. रोज चार फेरे केले तर अडीचशे दिवस. शांतपणे म्हटलं तर एका फेऱ्याला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे रोजचं काम पाव तासाचं.

चक्राची गंमत वेगळी. तांब्या-पितळेची डबी, मधून आस, खाली लाकडी मूठ, आणि डबीला साखळीनं अडकवलेलं एक वजन. डबीच्या आत आसाभोवती मंत्र छापलेल्या कागदाची घट्ट गुंडाळी असते, आणि मुख्य वस्तू तीच. एक वेढा फिरला की आतले सगळे मंत्र एकदा फिरले, असं ते धरतात. बाजारात शोभेला विकतात त्या चक्रांत पुष्कळदा चिठोऱ्याएवढा कागद असतो, तेव्हा घ्यायचं झालंच तर टोपण उघडून आत बघ. गुंडाळी सैल असेल तर आत खडखड वाजते.

फिरवायचं घड्याळाच्या दिशेनं, वरून पाहिल्यावर. गोंधळ झाला तर डबीवरची अक्षरं बघ. ती तुझ्यासमोरून उजवीकडून डावीकडे सरकली पाहिजेत, म्हणजे वाचताना येतात त्याच क्रमानं ओम आधी आणि हुंग शेवटी जातो. मनगटाचा लहानसा वेढा पुरतो. ताक घुसळल्यासारखा हात हलवलास की वजन हेलकावे खातं, साखळी डबीवर आपटते, आणि शेजारची आजी तोंडावर हात धरून हसते. वजन आडवं, एका पातळीत फिरत असेल तर लय बसली असं समज. हात दुखतोय म्हणजे तू जोर लावतेस.

गोंपाच्या भिंतीतली मोठी चक्रं वेगळी. ती कायम आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि उजव्या हातानं पुढं ढकलायची. आपण चालतो त्याच दिशेला हात गेला की चक्र आपोआप बरोबर फिरतं. पुढच्या माणसानं फिरवलेलं अजून गरगरत असेल तर ते थांबवून पुन्हा ढकलू नकोस, चालत्यालाच हलका हात लाव.

जपानं ताप उतरतो, पैसा येतो असं कुणी सांगितलं तर ऐकून घे आणि दवाखान्याची वेळ सांग. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली तू, तुला मंत्र म्हणायचीच गरज नाही. पण तुझ्या बाकड्यावर बसलेली म्हातारी सुई टोचताना पुटपुटत असेल तर तिचा फेरा मेरुमण्याशी येईपर्यंत थांब. आणि तपासणीसाठी माळ किंवा चक्र बाजूला ठेवायचं झालं तर ते जमिनीवर किंवा चपलांजवळ नको, टेबलावर उंच ठेव, आणि त्यावरून पाय टाकून जाऊ नकोस.