अळूची भाजी आणि चार ओळींची चिठ्ठी

पत्नी गेल्यानंतर तिच्या वहीत मला अळूच्या भाजीची कृती सापडली. कृती कसली, चार ओळींची चिठ्ठीच: "अळू २ जु., चुका १. ह.डा., दा. भि. चिं.गू. डा.पी. लावणे. मे. फो." ही तिने माझ्यासाठी लिहिलेली नव्हती, स्वतःसाठी लिहिलेली होती. जे तिच्या हाताला पाठ होतं ते तिने कागदावर उतरवलंच नाही. माझ्यासारखे जे कोणी अशा कागदावरून स्वयंपाक करायला बसतील, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

अक्षरं लागली एकदाची. हरभऱ्याची डाळ आणि दाणे भिजवून, चिंच-गूळ, डाळीचं पीठ. 'मे.' पाशी मात्र मी अडलो आणि मेथीची जुडीच घेऊन आलो. ती मेथीदाण्याची फोडणी होती. चुका बाजारात मिळाला नाही म्हणून वगळला. मला आम्लपित्ताचा त्रास, म्हणून चिंचही निम्मी केली. भाजी दिसायला झकास झाली, पण दोन घास पोटात जातात न जातात तोच घसा खवखवायला लागला. जिभेला तर मुंग्या चावत असल्यासारखं झालं.

साताऱ्याला मेव्हणीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "भाऊजी, चिंच कमी केलीत ना?"

अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तेच तोंडात आणि घशात टोचतात. भाजी नीट शिजली आणि तिला आंबट लागलं की ही खाज जाते, हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणजे चुका आणि चिंच चवीपुरती नव्हती. वहीत लिहिलेली वस्तू कशासाठी आहे हे कळेपर्यंत ती वगळू नये, कमीही करू नये. चुका नसेल तर चिंच वाढवावी, नाहीतर आमसुलं घालावीत. आंबट सोसत नसेल त्याने अळूच्या वाटेला जाऊ नये. मुतखडा झालेल्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावं. खाऊन ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

मेव्हणीकडून बाकीचं कळलं ते असं. भाजीवालीला "भाजीचं अळू" असंच सांगून मागायचं. काळसर देठाचं, जाड पानाचं असतं ते वडीचं. हाताला तेल चोळून देठ सोलायचे, नाहीतर हातांनाही खाज सुटते. सोललेले देठ टाकायचे नाहीत, बारीक चिरून पानांबरोबर घ्यायचे. एका जुडी अळूला अर्धी जुडी चुका आणि दोन-दोन चमचे डाळ-दाणे पुरतात.

कुकरमध्ये एका भांड्यात अळू आणि चुका, दुसऱ्यात डाळ आणि दाणे. हे वेगळं ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण आंबटात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या काढा. डाळ बोटाने चेपली की सहज मोडली पाहिजे. मग अळू रवीने घोटून त्यात दोन चमचे डाळीचं पीठ गुठळी न होऊ देता कालवायचं. 'लावणे' म्हणजे हे. पीठ लावलं नाही तर भाजी वेगळी आणि पाणी वेगळं दिसतं. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, मिरची. मेथीदाणे लालसर होताच अळू ओतायचं, काळे पडले तर भाजी कडू होते. मग डाळ-दाणे, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, खोबऱ्याचे काप, आणि मंद आचेवर निदान दहा मिनिटं उकळी. पानात वाढण्याआधी अर्धा चमचा गार करून जिभेवर धरायचा आणि जरा थांबायचं. चुरचुरलं तर आणखी कोळ घालून पुन्हा उकळायचं.

एक गोष्ट मेव्हणीलाही सांगता येईना. दोन जुड्यांचं ते प्रमाण किती माणसांचं? उत्तर आमच्या कपाटात होतं. मोठं पितळी पातेलं पत्नी फक्त श्रावणात, पाहुणे जमले की काढायची. वहीतली भाजी त्या पातेल्याची होती आणि मी ती एकट्यासाठी अंदाजाने कमी करत होतो. तेव्हा प्रमाण वाचताना भांडंही शोधा. चिठ्ठीत 'वाटी' लिहिली असेल तर ती कोणती वाटी, तेही पाहा. मूळ कागदावर काही खोडू नका, झेरॉक्स काढून तिच्यावर लिहा.

आणि ज्यांच्या घरी अशी वही लिहिणारं माणूस अजून ओट्याशी उभं आहे, त्यांनी या रविवारी शेजारी उभं राहून विचारून घ्यावं: अळू कोणतं, आंबट किती, आणि ही भाजी किती माणसांची.