भाच्याची मुंज आणि रजेचा हिशेब

भाच्याची मुंज सांगलीला, सोमवारी, ११ मे रोजी. तुम्ही पुण्यात एका कंपनीचे अकाउंट्स सांभाळता, पगार ३६,००० रुपये, शनिवार-रविवार सुट्टी. शुक्रवार आणि सोमवार रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात, असं लगेच मनात येतं. मेल लिहिण्याआधी त्याची किंमत काढा.

बऱ्याच कंपन्यांत ‘सँडविच’ नियम असतो: दोन रजांच्या मध्ये आलेली साप्ताहिक सुट्टीही रजेत धरतात. म्हणजे दोनाऐवजी चार रजा जातात. शिल्लक नसेल तर पगार कापला जातो. ३६,००० ला ३० ने भागलं तर दिवसाचे १,२०० रुपये. दोन दिवसांचे २,४००, सँडविच लागलं तर ४,८००. काही ठिकाणी २६ ने भागतात, तेव्हा एका दिवसालाच सुमारे १,३८५ जातात.

त्यापेक्षा शुक्रवारी काम उरकून रात्रीच्या गाडीने निघा आणि सोमवार-मंगळवार रजा घ्या. रविवारचं ग्रहमखही चुकत नाही, मंगळवारी ताईला आवराआवरीत हातभार लागतो, आणि रजा दोनच. मात्र काही कंपन्या रजेला लागून आलेली सुट्टीही मोजतात, म्हणून एचआरला आधी विचारा.

आता कामाचं. ११ तारीख ही जीएसटीआर-१ भरण्याची शेवटची तारीख. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आहेच, शिवाय ती बिलं ग्राहकांच्या त्या महिन्याच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसत नाहीत आणि फोन सुरू होतात. तुम्ही मांडवात असताना ते फोन नकोत. ‘कामं पूर्ण करून जाईन’ एवढ्याने साहेबांचं समाधान होत नाही. काय, कधी, कुणाकडे हे लिहा.

‘विषय: ११ व १२ मे रजेबाबत

सर,
माझ्या भाच्याची मुंज ११ मे रोजी सांगलीला आहे. मामा म्हणून मला तिथे असणं आवश्यक आहे. ११ आणि १२ मे (सोमवार, मंगळवार) अशी दोन दिवसांची रजा मिळावी. बुधवारी, १३ मे रोजी हजर होईन.
एप्रिलचा जीएसटीआर-१ शुक्रवारी, ८ मे रोजी भरून पोचपावती आपल्याला पाठवतो. डीएससीचं टोकन त्याच दिवशी आपल्याकडे देतो. दोन दिवसांची व्हेंडर पेमेंट्स ज्युनिअर अकाउंटंट बघतील. यादी गुरुवारी त्यांना समजावून देतो. तातडीचं काही असल्यास संध्याकाळी ५ नंतर फोन करावा.’

मुहूर्त धरून सकाळचा वेळ मोकळा ठेवला आहे, म्हणून फोनची वेळ संध्याकाळची. हा मेल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा आणि होकार लेखी घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणजे मंजुरी नव्हे.