टाकीची सावली एका पॅनेलवर, फटका किती?

प्रश्न : चिखलीत आमच्या गच्चीवर आठ सोलर पॅनेल एकाच ओळीत जोडली आहेत. हिवाळ्यात सकाळी पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते. एवढ्याने सगळ्यांची वीज घटते का?

उत्तर : घटते, पण किती ते बायपास डायोडवर ठरतं. समजा, प्रत्येक पॅनेल 36 व्होल्ट आणि 9 अँपिअर देतं. आठांचे 288 व्होल्ट, म्हणजे सुमारे 2,600 वॉट. सावलीतल्या सेलमधून 3.6 अँपिअरच निघाले, तर डायोड नसताना साऱ्या ओळीला तेवढ्यावरच थांबावं लागतं. साधारण 1,040 वॉट उरतात, 60 टक्के गेले. शिवाय तो सेल वीज देण्याऐवजी खाऊ लागतो आणि तापतो; काचेमागे तपकिरी डाग दिसतो तो त्याचाच.

नेहमीच्या पॅनेलमागच्या डबीत तीन डायोड असतात, एकेक तृतीयांश सेलसाठी. सावलीतला भाग वगळून वीज बाजूने जाते. 12 व्होल्ट आणि डायोडचा अर्धा व्होल्ट गेला, तरी जवळपास 2,480 वॉट मिळतात. तूट चार-साडेचार टक्के. सावली तिन्ही भागांना शिवली, तर मात्र पॅनेल पूर्ण बाद.

सावलीच्या वेळी इन्व्हर्टरवरचं डीसी रीडिंग बघा. व्होल्ट बारा-तेराने खाली आणि अँपिअर पूर्ण, तर डायोड चोख. व्होल्ट तसेच आणि अँपिअर पडलेले, तर बहुधा इन्व्हर्टर चुकीच्या बिंदूवर अडकलाय. त्याचं शॅडो स्कॅन सेटिंग चालू करून घ्या. ऊन स्वच्छ असतानाही बारा व्होल्ट कमीच, तर डायोड शॉर्ट झालेला असू शकतो. डबी स्वतः उघडू नका, तंत्रज्ञाला बोलवा.