मातीच्या नालाबांधाचे मातकाम कसे मोजावे

मातीच्या लहान नालाबांधाचे अंदाजपत्रक करताना मध्यभागाची उंची घेऊन तिचा छेद पूर्ण लांबीने गुणण्याची चूक पुष्कळदा होते. नाल्याचा तळ खोल व काठ उंच असल्याने बांधाची उंची काठाकडे कमी होत जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणचा छेद वेगळा काढावा लागतो.

छेदाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत अशी : पाण्याकडील व बाहेरील उतारांची बेरीज करून तिला उंचीने गुणावे व त्यात माथारुंदी मिळवावी. ही झाली तळरुंदी. माथारुंदी व तळरुंदी यांची सरासरी उंचीने गुणली की छेद मिळतो.

उदाहरणार्थ, एका बांधाची लांबी २४ मीटर, माथारुंदी २ मीटर, पाण्याकडील उतार १ मीटर उंचीस ३ मीटर व बाहेरील २ मीटर आहे. काठापासून काठापर्यंत माथ्याच्या पातळीत दोरी ताणून दर ६ मीटरला जमिनीपर्यंतची उंची मोजली. ती अनुक्रमे ०, १, २, १, ० मीटर भरली.

१ मीटर उंचीस तळरुंदी ७ मीटर व छेद ४.५ चौरस मीटर येतो. २ मीटर उंचीस तळरुंदी १२ मीटर व छेद १४ चौरस मीटर येतो. उंची दुप्पट झाली, पण छेद तिपटीहून अधिक झाला, हे ध्यानात ठेवावे.

आता लगतच्या दोन छेदांची सरासरी ६ मीटरने गुणावी. काठाकडील प्रत्येक भागात १३.५ व मधल्या प्रत्येक भागात ५५.५ घनमीटर माती येते. चारही भागांची बेरीज १३८ घनमीटर होते.

केवळ मधला छेद धरला असता तर ३३६ घनमीटर आले असते व खर्च अकारण फुगला असता. सरासरी उंची १ मीटर धरली असती तर १०८ घनमीटरच आले असते. ही दुसरी चूक अधिक घातक होय. माती अपुरी पडली की मधला भाग ठेंगणा राहतो किंवा उतार उभे केले जातात आणि पहिल्याच पुरात बांध फुटण्याचा संभव असतो.

छेद जवळजवळ घेतल्यास हिशेब अधिक बिनचूक होतो. याच बांधात दर ३ मीटरला छेद घेतल्यास १३०.५ घनमीटर येतात. म्हणून नाल्याचा काठ जेथे एकाएकी बदलतो, तेथे जादा छेद अवश्य घ्यावा.

ही माती पक्क्या बांधाची आहे. माती पुढे खचते, म्हणून थर दाबून घातले तरी सुमारे दहावा भाग अधिक धरावा. पायाखालील चराची माती वेगळी मोजावी. भराव सुरू करण्यापूर्वी प्रत्येक छेदाची तळरुंदी चुन्याने आखावी. मध्यभागी ती १२ मीटरपेक्षा कमी भरली, तर उतार उभे होत आहेत असे समजून काम तेथेच दुरुस्त करावे.