चमचा म्हणजे नेमका किती?

आमच्या घरात तीन चमचे आहेत: चहाचा, पोह्यांचा आणि वाढायचा. तिन्हींना आम्ही ‘चमचा’च म्हणतो, आणि माझा हिशेब चुकला तो इथेच.

गेल्या वर्षी वजन कमी करताना मी दिवसाला ५० ग्रॅम फॅट ठरवलं होतं. रोज मोबाइलवर नोंद करायचो. सकाळी बटर आणि चीज स्प्रेड लावलेलं सँडविच, दुपारी डब्यात पोळीचा रॅप, त्यात कोबी, पनीर आणि मेयोनीज. बटर एक चमचा, चीज स्प्रेड दोन, मेयो दोन. ॲपमध्ये चमचा म्हणून टीस्पून निवडला होता, म्हणजे ५ ग्रॅम. दोन महिने आकडे बरोबर बसत होते आणि वजन मात्र जागचं हलत नव्हतं. मी पोळीवर संशय घेतला, भात बंद केला. बटर, चीज स्प्रेड आणि मेयोकडे लक्षच गेलं नाही.

मग बहिणीने एक दिवस स्वयंपाकघरातला काटा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, “दादा, रोज करतोस तसाच रॅप कर. फक्त बरणी काट्यावर ठेवून कर.”

बरणी ठेवून काटा शून्यावर आणला आणि नेहमीच्या हाताने पोह्यांच्या चमच्याने दोनदा मेयो काढलं. काट्यावर उणे ३८ आलं. माझ्या नोंदीत १० होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच बटर मोजलं, ते १६ ग्रॅम निघालं. नोंद ५ची. चीज स्प्रेड २४, नोंद १०.

आता फॅटचा हिशेब. माझ्या मेयोच्या बरणीवर १०० ग्रॅमला ५० ग्रॅम फॅट लिहिलं होतं, म्हणजे ३८ ग्रॅममध्ये १९. आपल्याकडच्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाचं फॅट असतं, म्हणून १६ ग्रॅममध्ये जवळपास १३. चीज स्प्रेडवर १०० ग्रॅमला २४ होतं, तर २४ ग्रॅममध्ये सुमारे ६. मिळून ३८ ग्रॅम. मी लिहीत होतो साडेअकरा. फरक साडेसव्वीस ग्रॅमचा, म्हणजे रोज सुमारे २४० कॅलरी नोंदीबाहेर राहत होत्या.

चूक कुठे होते ते नंतर नीट तपासलं. तेल किंवा पाणी चमच्याच्या काठापर्यंतच राहतं. मेयो आणि चीज स्प्रेड काठाच्या वर ढीग करून उभं राहतं, आणि फ्रिजमधलं घट्ट असेल तर आणखीच. माझ्या पोह्यांच्या चमच्यात पाणी ९ मिलिलिटर मावतं. सपाट केलेलं मेयो साधारण तेवढंच, साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरलं. नेहमीसारखं उचललेलं १९ निघालं. चमचा तोच, वजन दुपटीहून जास्त. बटरचं उलटंही होतं: गार, कडक बटर खरवडून चमच्यात घेतलं तर मध्ये पोकळी राहते आणि वजन कमी भरतं. म्हणून ‘एक चमचा म्हणजे इतके ग्रॅम’ असा तक्ता पाठ करून उपयोग नाही. तक्त्यातला टेबलस्पून १५ मिलिलिटरचा आणि काठाशी सपाट केलेला असतो. त्यात बटर साधारण १४ ग्रॅम बसतं. आपल्या घरातला चमचा त्या मापाचा असेलच असं नाही.

तुम्हीही बरणीचंच वजन करा, चमच्याचं नको. बरणी काट्यावर ठेवा, शून्य करा, काढा, लावा. चमच्याला चिकटून राहिलेलं बरणीतच पुसून टाका आणि मग उणे आकडा वाचा. दाबायच्या बाटलीचंही तसंच, आधी आणि नंतर. बटरचा १०० ग्रॅमचा पॅक असेल तर सुरीने दहा सारखे तुकडे करून ठेवा. एक तुकडा १० ग्रॅमचा, त्यात फॅट ८. फॅटचा आकडा दरवेळी त्याच बरणीच्या लेबलवरून, १०० ग्रॅमच्या रकान्यातून घ्या. मेयोच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं आहे, कारण एका मेयोत फॅट पाऊण भाग असतं, तर दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी.

घरात सगळ्यांसाठी एकच सारण होत असेल तर आधी मेयो मोजा, मग पूर्ण सारण. ३०० ग्रॅम सारणात ६० ग्रॅम मेयो असेल आणि तुम्ही ९० ग्रॅम घेतलंत, तर तुमच्या वाट्याला १८ ग्रॅम मेयो आलं.

सँडविचवाल्याकडे काटा नेता येत नाही. तिथे नजर तयार करावी लागते. मी घरी ब्रेडच्या एका स्लाइसवर मोजून ५ ग्रॅम बटर सगळीकडे पसरलं. थर जेमतेम अर्धा मिलिमीटर झाला, ब्रेडची भोकं खालून दिसत होती. मग १० ग्रॅम लावलं; भोकं बुजली, पृष्ठभाग पिवळा आणि गुळगुळीत झाला. गाडीवर सुरी फिरते तेव्हा मी तेवढंच पाहतो: भोकं दिसतात की बुजली? बुजली तर दोन स्लाइसचे २० ग्रॅम लिहितो, आणि टोस्ट करताना बाहेरून लावलेलं वेगळं धरतो.