दोन वेळा पोहणाऱ्या मुलीने कधी काय खावे?

वस्तीतली मुलं आता पालिकेच्या तरणतलावावर स्पर्धेची तयारी करतात. सकाळी एकदा, संध्याकाळी पुन्हा. घरात शाकाहार असला की आई विचारते, "हिला ताकद पुरेल का?" ताकद पुरते. पण बहुतेक घरांत गडबड होते ती पदार्थांची नाही, वेळेची.

आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर होते आणि थोडी साखर स्नायूंमध्ये साठून राहते. तास-दीड तास जोरात पोहल्यावर हा साठा बराच उतरतो. दिवसातून एकदाच सराव असेल तर दिवसभरच्या जेवणातून तो आपोआप भरतो. पण संध्याकाळी पुन्हा पाण्यात उतरायचे असेल तर हाताशी दहा तासच असतात. सराव संपल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात स्नायू साखर सर्वांत भराभर ओढून घेतात. आपल्याकडे नेमका तोच तास रिकामा जातो, कारण मुलगी तलावावरून थेट शाळेत पळते आणि तिच्या पोटात पहिला घास जातो मधल्या सुट्टीत.

एक उदाहरण घेऊ. मुलगी १४ वर्षांची, वजन ४८ किलो. सराव पहाटे ५.३० ते ६.४५, शाळा ७.३० ते १२.३०, पुन्हा सराव ५ ते ६.३०.

पहाटे ५ वाजता एक पिकलेले केळे किंवा तीन-चार खजूर आणि थोडे पाणी. एवढ्या पहाटे जास्त जात नाही आणि गरजही नाही, कारण रात्रीचे जेवण कामी येते. मात्र अगदी उपाशीपोटी सोडू नये.

पावणेसातला, कपडे बदलताबदलताच, पिशवीतला डबा उघडायचा. वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड अन्न, म्हणजे हिला ५० ग्रॅमच्या आसपास, आणि सोबत १५ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने लागतात. दोन केळी, मूठभर फुटाणे आणि एक पेला दूध यात हा हिशेब बसतो. दूध नेणे जमत नसेल तर त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे चालतात. महागड्या पावडरच्या डब्याची गरज नाही.

मधल्या सुट्टीत पोळी आणि मटकीची उसळ, वर लिंबू. दुपारी १ वाजता पोटभर जेवण: भाकरी, वरण-भात, भाजी, दही. उसळ, हरभरा, चवळी खायची वेळ हीच. सरावाला चार तास असल्याने सगळे पचते.

४ वाजताचे खाणे हलके हवे: गूळ-पोळी, थोडा दहीभात किंवा केळे-चुरमुरे. इथेच वडापाव किंवा मिसळ दिली तर तेल आणि कडधान्य पोटात रेंगाळते. पोहणारा आडवा असतो, वळताना कोलांटी घेतो. त्यामुळे भरल्या पोटी आंबट पाणी घशाशी येते, पोटात कळ येते. अशी तक्रार असेल तर आधी चारचे खाणे तपासा.

६.३० ला पुन्हा फुटाणे-गूळ, आणि ८ पर्यंत जेवण. रात्री सोयाबीन वड्यांची भाजी ठेवा. सुक्या ३० ग्रॅम वड्यांत जवळपास १५ ग्रॅम प्रथिने असतात. पाण्यात घाम दिसत नाही, पण येतो. म्हणून काठावर बाटली हवीच. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे.

शाकाहारी मुलीचे लोह मात्र वेगळे सांभाळावे लागते. कडधान्य-पालेभाजीतले लोह अंगी कमी लागते. लिंबू, आवळा, पेरू सोबत असले की ते जास्त लागते. जेवणासोबतचा चहा ते अडवतो. म्हणून चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी चुकवू देऊ नका.

वेळा चुकत असल्याची खूण अशी: सकाळी वेळ चांगली लागते, पण संध्याकाळी हात जड होतात आणि कोच म्हणतात, मुलगी मन लावत नाही. रात्री ती भांडेभर भात खाते किंवा न जेवताच झोपते. अशा वेळी पंधरा दिवस फक्त पावणेसातचा डबा नेमाने द्या आणि संध्याकाळच्या वेळा वहीत लिहा. तरी फरक पडला नाही, धाप लागू लागली किंवा डोळ्यांच्या आतली कड फिकट दिसली तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. डॉक्टरांना बी-१२ विषयीही विचारा. वजन उतरत असेल किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नसेल, तर खाणे सरावाला कमी पडते आहे असे समजा. तेव्हा सराव कमी करून मुलीला डॉक्टरांकडे न्या. पाळी गेली म्हणजे सुटलो, असे समजू नका.