पहिल्या कायद्यात कुणाचं नाव होतं?

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत नोकरी करतो. सून सध्या घरीच असते, तरी तिचा आजारपणाचा विमा त्याच्याच वर्गणीत येतो, वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. मुलगी अमेरिकेत आहे. जावयाची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचा विमाही गेला. स्वीडनमध्ये म्हणे नोकरी असो वा नसो, उपचार सगळ्यांनाच. तिन्ही देश श्रीमंत, तिन्हीकडे लोकशाही. मग एवढा फरक कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : या प्रश्नाला ‘तिकडचे लोक कर भरतात’ किंवा ‘त्यांची संस्कृतीच तशी’ अशी उत्तरं मिळतात. मला ती पुरेशी वाटत नाहीत. मी आधी त्या देशाचा पहिला कायदा बघतो : त्यात कोण होतं, कोण नव्हतं आणि पैसे कुणी भरायचे होते. कारण एकदा आत आलेली माणसं ती सोय सहसा हातची जाऊ देत नाहीत, आणि बाहेर राहिलेल्यांना आत यायला कधी कधी पिढ्या लागतात.

जर्मनीपासून सुरुवात करू. कामगारांच्या समाजवादी पक्षाची बिस्मार्कला धास्ती होती. 1878मध्ये त्याने त्यांच्या संघटनांवर आणि सभांवर बंदी आणली आणि 1883मध्ये त्याच कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा आणला. दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची, एक तृतीयांश मालकाची. पैसे सरकारी तिजोरीत न जाता आजारनिधीत जात, आणि तो निधी कामगार व मालकांचे प्रतिनिधी चालवत. 1889मध्ये म्हातारपणाचं पेन्शन आलं, तेही वयाच्या सत्तराव्या वर्षी! म्हणजे हक्क नागरिक म्हणून नव्हे, कमावता म्हणून मिळाला आणि कुटुंब त्या कमावत्याच्या मागून आलं. तुमच्या सुनेचा विमा त्याच वाटेने आला आहे. या रचनेची उणीवही तिथेच आहे. आज जर्मनीत पगाराच्या 18.6 टक्के रक्कम पेन्शनसाठी जाते, निम्मी नोकरदाराची, निम्मी मालकाची, आणि पेन्शन ठरतं ते आयुष्यभराच्या पगाराच्या प्रमाणात. मुलांसाठी अर्धवेळ काम केलेल्या बाईचं स्वतःचं पेन्शन तुटपुंजं राहतं. मुलांच्या संगोपनाची काही वर्षं आता हिशेबात धरतात, पण त्याने सगळी तूट भरून निघत नाही.

स्वीडनची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती पेन्शनमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसते. 1913मध्ये तिथे पेन्शनचा कायदा झाला तेव्हा देश मुख्यतः शेतकऱ्यांचा होता, स्वतःच्या जमिनीवर राबणाऱ्या आणि संसदेत वजन असलेल्या शेतकऱ्यांचा. जर्मन पद्धत त्यांच्या कामाची नव्हती. शेतकऱ्याला मालकच नाही, मग मालकाचा हिस्सा कोण भरणार? आणि आपल्या करातून फक्त शहरातल्या कामगारांना पेन्शन द्यायला ते का तयार व्हावेत? म्हणून कायदा जवळजवळ सगळ्यांसाठी झाला. रक्कम क्षुल्लक होती आणि बायकांना पुरुषांपेक्षा कमी मिळायची. सगळ्यांचा समावेश झाला तो उदार मनामुळे कमी आणि या राजकीय गणितामुळे जास्त. 1948पासून श्रीमंत-गरीब न बघता सर्व वृद्धांना सारखं मूळ पेन्शन मिळू लागलं.

खरी कसोटी पुढे लागली. सारख्या रकमेत मजुराचं भागेल, पण कारकुनाचं किंवा इंजिनिअरचं भागत नाही. असा माणूस स्वतःची सोय बाहेर विकत घेतो, आणि मग सरकारी पेन्शनसाठी कर भरताना त्याचा हात आखडतो. म्हणून सोशल डेमोक्रॅट पक्षाने मूळ पेन्शनवर पगाराच्या प्रमाणात सक्तीचं पूरक पेन्शन सुचवलं. पगाराच्या सर्वोत्तम 15 वर्षांच्या सरासरीवर ते ठरणार होतं आणि 30 वर्षं काम केल्यावर पूर्ण मिळणार होतं. यावर देश दुभंगला. 1957च्या सार्वमतात तीन पर्याय होते, एकालाही निम्मी मतं मिळाली नाहीत. शेतकऱ्यांच्या पक्षाबरोबरची आघाडी तुटली, 1958मध्ये संसदेचं कनिष्ठ सभागृह बरखास्त होऊन निवडणूक झाली, तरी तिथे बळ समसमान. अखेर मे 1959मध्ये विधेयक 115 विरुद्ध 114 मतांनी मंजूर झालं, कारण विरोधी लिबरल पक्षाचे तूरे कोनिगसोन तटस्थ राहिले. ते स्वतः कामगार होते.

त्या एका मताने पांढरपेशा वर्ग आत आला. ज्यांच्या करावर व्यवस्था चालायची, त्यांचंच म्हातारपण आता तिच्यावर अवलंबून होतं. वाल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या अभ्यासकांनी 1998मध्ये अनेक देशांची तुलना करून हेच मांडलं : फक्त गरिबांना नेमून देणाऱ्या योजनांपेक्षा सगळ्यांना सामावणाऱ्या योजना गरिबी आणि विषमता जास्त कमी करतात, कारण त्यांच्या वाट्याला एकूण पैसाच जास्त येतो. पुढच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका पक्का दिसला नाही, तरी स्वीडनच्या बाबतीत तो मला पटतो.

पण ती व्यवस्थाही जशीच्या तशी टिकली नाही. ‘सर्वोत्तम 15 वर्षं’ या नियमाचा फायदा पगार चढत जाणाऱ्या साहेबाला झाला, चाळीस वर्षं एकाच पातळीवर राबणाऱ्याला नाही. अर्थव्यवस्था मंदावल्यावर खर्चही झेपेना. 1994मध्ये पाच पक्षांनी मिळून नवी रचना ठरवली. त्यात आयुष्यभराची सगळी कमाई धरतात, आणि जमाखर्चाचा तोल गेला की पेन्शनची वाढ आपोआप रोखली जाते. 2010मध्ये त्यामुळे पेन्शन खरोखर कमी झालं.

अमेरिकेत 1935चा सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच कामांत होते. हे दक्षिणेतल्या खासदारांच्या दबावामुळे झालं की विखुरलेल्या मजुरांकडून वर्गणी गोळा करण्याच्या अडचणीमुळे, यावर इतिहासकारांत वाद आहे. ते बहुतांशी आत आले 1950च्या दशकात. आरोग्यविमा तर त्या कायद्यात आलाच नाही. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध ओढवून घेतला तर सगळाच कायदा बुडेल, ही भीती होती. मग महायुद्धात पगारवाढीवर बंदी आली, पण मालकाने दिलेला विमा त्यातून सुटला. माणसं टिकवायला कंपन्या विमा देऊ लागल्या आणि 1954च्या करकायद्याने त्यावरची करसूट पक्की केली. जावयाच्या नोकरीबरोबर विमा जाण्याचं मूळ हे आहे. कोट्यवधी नोकरदारांची सोय झाल्यावर सर्वांसाठीच्या विम्याची निकड असणारे उरले ते म्हातारे आणि गरीब. त्यांच्यासाठी 1965मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आलं.

प्रश्न : मग अमेरिका सामाजिक सुरक्षेवर कमी खर्च करते, असंच ना?

उत्तर : सरकारी खर्चाच्या आकड्यात तसं दिसतं, पण तो आकडा सावधपणे वाचावा. स्वीडनमध्ये पेन्शनवर आणि आजारपणाच्या भत्त्यावर आयकर लागतो, म्हणजे दिलेल्यातलं बरंच सरकारकडे परत येतं. अमेरिकेत उलट : मालकाच्या विम्यावर सोडलेला कर खर्च म्हणून मोजला जात नाही, विम्याचा हप्ताही नाही. करांचा हिशेब करून खाजगी खर्च मिळवला, की अमेरिका श्रीमंत देशांत अगदी वरच्या ओळीत, फ्रान्सच्या जवळपास जाते. फरक रकमेपेक्षा ती कुणाच्या हाती पडते यात आहे.

आपल्याकडे 1948चा कर्मचारी राज्य विमा कायदा जर्मन वळणाचा, नोकरीला बांधलेला होता. म्हणूनच शेतमजूर त्यात कधी आला नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्राला वेगळी रोजगार हमी योजना उभारावी लागली, आणि तिच्या पैशासाठी 1975मध्ये नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. तुमच्या पगारपत्रकावर किंवा कुणा ओळखीच्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर ती कपात अजूनही दिसेल.